टाकी रात्रभर गळते, पीएलसीला तीन तासांनी कळतं

"साहेब, तुमचं मशीन खोटं बोलतंय," पाणीयोजनेवरचे ऑपरेटर काका फोनवर म्हणाले. रात्री दीड वाजता अलार्म वाजला म्हणून ते बॅटरी घेऊन टाकीभोवती फिरून आले होते. कुठेही पाणी नव्हतं. परत येऊन बघतात तर स्क्रीनवर गळती शून्य. तासाभरानं झोप लागते न लागते, पुढे साडेचारला पुन्हा तेच. स्क्रीन म्हणत होती, मिनिटाला 610 लिटर पाणी जातंय. एवढं पाणी खरंच जात असतं तर टाकीखाली ओढा वाहायला हवा होता.

गंमत अशी, की मशीन खोटं बोलत नव्हतं आणि काकाही बरोबर होते. टाकी गळत होती, पण तासाला 200 लिटरच्या आसपास. हे पाणी पीएलसीला तीन तास दिसत नव्हतं, आणि मग तीन तासांचं सगळं पाणी एका मिनिटात गेल्यासारखं दिसत होतं. घोळ सेन्सरचा नव्हता, प्रोग्रॅममध्येही नेहमीच्या अर्थानं चूक नव्हती. घोळ होता अ‍ॅनालॉग कार्डाच्या पायरीचा.

कार्ड नेमकं करतं काय

पीएलसी म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, मोटारी चालवणारा कारखान्यातला छोटा संगणक. त्याला फक्त आकडे कळतात. टाकीतल्या पाण्याची पातळी मात्र आकडा नसते, ती संथपणे वरखाली होत असते. टाकीच्या तळाशी बसवलेला लेव्हल ट्रान्समीटर पाण्याच्या दाबावरून पातळी ओळखतो आणि तिचं रूपांतर विजेच्या प्रवाहात करतो. टाकी रिकामी असेल तर 4 मिलिअँपिअर, रेंजच्या टोकाला असेल तर 20. खालचं टोक शून्य न ठेवता 4 ठेवलंय, कारण मग शून्य दिसलं की वायर तुटली हे लगेच कळतं.

हा प्रवाह पीएलसीच्या अ‍ॅनालॉग इनपुट कार्डात शिरतो. तिथे त्याचा आकडा होतो आणि त्या आकड्याला आमच्याकडे 'काउंट' म्हणतात. वायरीतला प्रवाह उतारासारखा असतो, त्यावर कुठेही उभं राहता येतं. काउंट हा जिना असतो. तुम्ही एकतर या पायरीवर असता नाहीतर पुढच्या, मधे जागाच नाही. एका पायरीची उंची किती, हे कार्डाचं रिझोल्यूशन ठरवतं, आणि ते बिटमध्ये सांगतात.

बिट म्हणजे एक प्रश्न

लहानपणचा खेळ आठवा. मी मनात एक आकडा धरतो, तुम्ही फक्त हो किंवा नाही अशी उत्तरं येणारे प्रश्न विचारायचे. आकडा 0 ते 4095 मधला असेल तर हुशार मुलगा पहिला प्रश्न विचारतो, "2048 किंवा त्याहून मोठा आहे का?" एका उत्तरात अर्धे आकडे बाद. मग उरलेल्याचा अर्धा, मग त्याचा अर्धा. बरोबर 12 प्रश्नांत आकडा सापडतो. प्रत्येक उत्तर म्हणजे एक बिट. बरीच कार्डं आतमध्ये जवळपास हाच खेळ खेळतात. काहींची पद्धत वेगळी असते, पण हिशोब तोच राहतो.

म्हणून 10 बिटच्या कार्डाला 1024 पायऱ्या, 12 बिटला 4096 आणि 16 बिटला 65,536. कागदावर 16 हा आकडा 12 पेक्षा फार मोठा दिसत नाही, त्यामुळे अनेकजण इथे फसतात. पण प्रत्येक जादा बिट पायरी निम्मी करतो. चार बिट जादा म्हणजे पायरी सोळा पटींनी बारीक.

पायरीचे मिलिमीटर, मिलिमीटरचे लिटर

कॅटलॉगमध्ये फक्त '12 बिट' लिहिलेलं असतं. आपल्याला हवे असतात मिलिमीटर आणि लिटर. मधला हिशोब कोणी करत नाही, आणि आम्हीही तो टाकी सुरू करून दिल्यानंतर, काकांचा फोन आल्यावरच केला.

आमचं कार्ड 12 बिटचं होतं आणि त्याची रेंज 0 ते 20 मिलिअँपिअर. म्हणजे 4096 पायऱ्या 20 मिलिअँपिअरवर पसरलेल्या, एक पायरी साधारण 0.0049 मिलिअँपिअरची. पण ट्रान्समीटर 4 च्या खाली कधी येतच नाही. त्यामुळे खालच्या 819 पायऱ्या कायमच्या वाया. जुन्या पीएलसीवर काम केलेल्यांना 819 हा आकडा पाठ असतो, तो इथूनच येतो. उरल्या 3276 पायऱ्या.

आता टाकी. गोल, जमिनीवरची, व्यास 16 मीटर, उंची 4 मीटर. तळाचं क्षेत्रफळ सुमारे 200 चौरस मीटर, पूर्ण भरली तर आठ लाख लिटर. पण ट्रान्समीटर लावलेला होता 0 ते 10 मीटर रेंजचा, कारण स्टोअरमध्ये तोच होता. असं सगळीकडेच होतं. म्हणजे 3276 पायऱ्या 10 मीटरवर वाटल्या गेल्या, त्यातले वरचे सहा मीटर हवेतले. एक पायरी 3.05 मिलिमीटर.

तीन मिलिमीटर ऐकून कुणी घाबरत नाही. आता ते 200 चौरस मीटरनं गुणा. 610 लिटर. टाकीतून 610 लिटर जाईपर्यंत पीएलसीच्या दृष्टीनं काहीच घडलेलं नसतं.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचा भरलेला ट्रक उभा आहे आणि काटा 10 किलोच्या टप्प्यानं वाचतो, असं धरा. ड्रायव्हरनं खिडकीतून एक नारळ आत घेतला तर काटा हलत नाही. काटा बिघडलेला नाही, नारळ त्याच्या पायरीपेक्षा लहान आहे. तासाला 200 लिटर म्हणजे आमचे नारळ. तीन तासांचे साठले की एक पायरी.

मग 610 लिटर प्रति मिनिट कुठून आलं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नुसती पातळी बघणाऱ्याला पायरीचा त्रास फारसा जाणवत नाही. 3 मीटर पाण्यात 3 मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर कोणाचं काय बिघडलं? त्रास सुरू होतो तो बदलाचा वेग काढायला गेलं की.

रात्री 10 ते पहाटे 5 टाकीचे आवक-जावक दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आमचा प्रोग्रॅम दर मिनिटाला मागच्या मिनिटाच्या पातळीतून आताची पातळी वजा करायचा आणि फरकाला क्षेत्रफळानं गुणायचा. आला आकडा म्हणजे गळती. मर्यादा ठेवली होती मिनिटाला 100 लिटर. कागदावर फारच नेटकं.

पण फरक कुठलाही येऊ शकतो असं नाही. तो एकतर शून्य येणार, नाहीतर एक पायरी. म्हणजे उत्तर एकतर मिनिटाला 0 लिटर, नाहीतर 610. मधलं कुठलंही उत्तर या प्रोग्रॅमला देताच येत नव्हतं. 100 ची मर्यादा ही निव्वळ शोभेची होती. 179 मिनिटं शून्य, एक मिनिट 610.

त्यातही पाणी नेमकं दोन पायऱ्यांच्या सीमेवर आलं की बारीकशा हेलकाव्यानंही काउंट खालीवर होतो. तेव्हा अलार्म चार-पाच वेळा लागोपाठ वाजायचा आणि मधेच गळती उणे 610 दिसायची, म्हणजे बंद टाकीत पाणी आपोआप वाढलं! काका मशीनवर चिडले ते उगीच नाही.

म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा सर्वात छोटा वेग हा पायरी भागिले मोजणीची वेळ इतका असतो. वेळ जितकी छोटी, तितकी पायरी अंगावर येते. दर मिनिटाला मोजलं म्हणजे नजर तीक्ष्ण झाली असं वाटतं, होतं नेमकं उलट.

तापमान किंवा दाब सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्येही हेच घडतं. पीआयडी कंट्रोलरमधला 'डी' हा भाग बदलाच्या वेगावर चालतो. मोजमाप एक पायरी उडालं की त्याला वाटतं तापमान एकदम सुटलं, आणि तो व्हॉल्व्हला धक्का देतो. पुढच्या क्षणी बदल शून्य, मग धक्का मागे. स्टीम व्हॉल्व्हचा दांडा सतत थरथरत असेल तर 'डी' कमी करण्याआधी कच्चा काउंट एकदा बघावा. तो दोन-तीनच आकड्यांत उड्या मारत असेल तर चोर सापडला.

"पण स्क्रीनवर तर तीन दशांश स्थळं दिसतात!"

हो, आमच्याही स्क्रीनवर 3.204 मीटर असं दिसायचं. एक मिलिमीटरपर्यंत कळतंय असाच कोणाचाही समज होईल. पण ते दशांश भागाकारातून आलेले असतात, मोजमापातून नाहीत. तीन मित्रांत 100 रुपये वाटले तर कॅल्क्युलेटर 33.3333333 दाखवतो, म्हणून खिशात पैशाचा तिसरा हिस्सा येत नाही. नीट पाहिलं तर आमच्या स्क्रीनवर 3.204 नंतर 3.201 यायचं. 3.203 आणि 3.202 हे आकडे त्या पीएलसीनं जन्मात पाहिले नव्हते.

याचंच आणखी फसवं रूप सीमेन्सच्या पीएलसीवर भेटतं. तिथे 4 ते 20 मिलिअँपिअर म्हणजे 0 ते 27648 अशी पट्टी ठरलेली असते, कार्ड कितीही बिटचं असो. सोय चांगली आहे, कार्ड बदललं तरी प्रोग्रॅम बदलावा लागत नाही. पण नवखा माणूस म्हणतो, माझ्याकडे 27,648 पायऱ्या आहेत. कार्ड 12 बिट अधिक चिन्हाचा एक बिट असं असेल तर तो आकडा 8-8 नं उडतो. खऱ्या पायऱ्या 3456.

हे तपासायला कॅटलॉग लागत नाही. ट्रान्समीटर सोडवून त्या जागी लूप कॅलिब्रेटर लावा, म्हणजे हवा तितका प्रवाह सोडणारं हातातलं यंत्र. एक-एक मायक्रोअँपिअर वाढवत कच्चा काउंट बघत बसा. आमच्या कार्डावर जवळपास दर पाचव्या वेळी काउंट एकनं सरकायचा. मधे चार वेळा वाढवलं तरी ढिम्म.

"मग 16 बिटचं कार्ड लावून मोकळे व्हा की"

पहिला सल्ला हाच मिळतो, आणि विकणाऱ्यालाही तो आवडतो. पण आमच्याकडे कार्डाआधी एक फुकटचा उपाय शिल्लक होता. हवेतले सहा मीटर कशाला मोजायचे? आमच्या ट्रान्समीटरची रेंज हार्ट कम्युनिकेटर या हातातल्या यंत्रानं जागेवरच बदलता येत होती. ती 0 ते 4 मीटर केली. तेच कार्ड, त्याच 3276 पायऱ्या, आता चार मीटरवर. पायरी 3.05 वरून 1.22 मिलिमीटरवर आली, 610 लिटरची 244 लिटर झाली.

इथे एक धोक्याची जागा आहे. ट्रान्समीटरची रेंज बदलली आणि पीएलसीतलं स्केलिंग, म्हणजे काउंटचे मीटर करणारं गणित, तसंच राहिलं, तर दोन मीटर पाण्याला पीएलसी पाच मीटर म्हणेल. चार मीटरच्या टाकीत पाच मीटर पाणी दिसलं तर निदान चूक लक्षात तरी येते. दीड मीटरचे पावणेचार दिसले, तर ऑपरेटर टाकी भरली समजून पंप बंद करून घरी जाईल.

आता 16 बिटचं कार्ड खरंच लावलं असतं तर? त्याच 0 ते 20 च्या रेंजवर पायरी 0.08 मिलिमीटरच्याही आत आली असती, म्हणजे जेमतेम 15 लिटर. ऐकायला छान. पण पाण्याचा पृष्ठभाग स्वतःच मिलिमीटरभर हलत असतो, शेजारच्या पंपाच्या केबलमुळे वायरीत थोडा खडखडाट येतो, ट्रान्समीटर आपला प्रवाह सोडतो तोसुद्धा आतून पायऱ्यांनीच बनवलेला असतो. तुमच्या जिन्याच्या पायऱ्या कितीही बारीक असोत, खालची जमीनच हलत असेल तर उपयोग बेताचाच.

किती बिट खरे हेही मोजता येतं. कॅलिब्रेटरवर 12 मिलिअँपिअर स्थिर सोडा आणि दहा मिनिटांत कच्च्या काउंटचा सर्वात मोठा आणि सर्वात छोटा आकडा टिपा. 16 बिटच्या कार्डावर तो आठ काउंटच्या पट्ट्यात नाचत असेल तर शेवटचे तीन बिट नाचण्यातच गेले. हाती उरले 13. शिवाय हे मोजमाप कॅलिब्रेटरवरचं, खऱ्या केबलवर आणखी कमी होऊ शकतं.

"आणि अचूकता?"

रिझोल्यूशन आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी त्याला सेकंदकाटा असेल तर अंडं किती वेळ उकडलं हे ते बरोबर सांगतं. दुसरं घड्याळ अगदी बरोबर आहे, पण सेकंदकाटा नाही. त्यावर बस चुकणार नाही, अंडं मात्र अंदाजानंच.

गळती शोधणं हे अंड्याचं काम आहे. ट्रान्समीटर सगळीकडे चार मिलिमीटर जास्त दाखवत असेल तरी वजाबाकीत ते चार मिलिमीटर निघून जातात. टाकीत एकूण पाणी किती याचा हिशोब पंचायतीला द्यायचा असेल तर मात्र तेच चार मिलिमीटर 800 लिटरची चूक करतात, आणि तिथे बिट वाढवून काही फायदा होत नाही.

"सरासरी काढली तर?"

हा प्रश्न मला एका नव्या मुलानं विचारला होता, आणि प्रश्न चांगला आहे. शंभर वाचनं घेऊन सरासरी काढली की बारीक उत्तर मिळतं, असं आपण शिकलेलो असतो. ते खरं आहे, पण एका अटीवर. सिग्नल निदान एक पायरीभर तरी हलत असला पाहिजे.

दिवसा पंप चालू असतो, पाणी डुचमळत असतं. काउंट कधी 2215, कधी 2216, कधी 2217. शंभरातली बहुतेक वाचनं वरच्या बाजूला पडली तर पातळी वरच्या पायरीकडे झुकलेली आहे हे कळतं, आणि सरासरी 2216.3 आली तर त्या .3 ला अर्थ असतो. रात्री पंप बंद, पाणी आरशासारखं. शंभरही वाचनं 2216. त्यांची सरासरी 2216. नारळ घेतलेला ड्रायव्हर शंभर वेळा काट्यावरून गेला तरी काटा तेच सांगणार. म्हणजे गळती शोधायला सर्वात योग्य अशी जी शांत वेळ, तीच सरासरीला सर्वात निरुपयोगी.

वाट बघणं

मग आम्ही मिनिटाची वजाबाकी काढून टाकली. सहा तासांपूर्वीची पातळी आणि आताची, एवढंच बघायचं ठरवलं. फरकात चूक जास्तीत जास्त एका पायरीची, म्हणजे 244 लिटरची. ती आता सहा तासांवर पसरते, तासाला सुमारे 40 लिटर. 200 लिटरची गळती 160 ते 240 च्या मधे कुठेतरी दिसते. हीच पायरी मिनिटाच्या वजाबाकीत तासाला 14,640 लिटर होत होती.

त्याहून नामी युक्ती म्हणजे पायरी किती उतरली हे न बघता कधी उतरली ते बघायचं. काउंट 2216 वरून 2215 वर येतो तो पाण्याच्या एका ठराविक उंचीला. पुढचा बदल त्याच्याखाली 1.22 मिलिमीटरवर. दोन बदलांमधला वेळ टिपला की भागाकार सोपा: 244 लिटर जायला किती वेळ लागला? सीमेवर काउंट नाचतो, म्हणून नवा आकडा सलग पाच मिनिटं टिकला तरच बदल धरायचा. पायरी आपली अडचण होती, तीच आता खूणगाठ झाली.

पहिल्या रात्री दोन पायऱ्यांमध्ये 73 मिनिटांचं अंतर आलं. 244 लिटर 73 मिनिटांत, म्हणजे तासाला 200. काकांनी सकाळी वॉशआउट व्हॉल्व्हचं चेंबर उघडलं. टाकी धुतल्यावर गाळ सोडायचा तो व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता, सीटवर खडा अडकलेला. पाणी थेट नाल्याच्या पाइपात जात होतं, म्हणून बॅटरी घेऊन फिरणाऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं.

खडा काढल्यानंतरच्या रात्री 10 ते 5 एकही पायरी उतरली नाही. काका सकाळी म्हणाले, "आता गळती शून्य ना साहेब?" मी म्हटलं, "काका, सात तासांत 244 लिटर गेलं नाही एवढं कार्ड सांगतंय. तासाला 35 लिटरपेक्षा कमी जात असेल तर ते त्याला आजही दिसणार नाही." काकांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'गळती 35 च्या आत'.